विस्थापन अभिक्रियेच्या वर्कशीटमधला ‘कारण’ हा रकाना

दहावीला धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी शिकवून झाली की जी वर्कशीट मिळते, ती बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. डावीकडे धातू, वरच्या ओळीत क्षारांची द्रावणं, आणि प्रत्येक चौकटीत लिहायचं की अभिक्रिया होईल की नाही. शेवटचा रकाना ‘कारण’. चौकटी मुलं पटापट भरतात, कारण नियम एका ओळीचा आहे: श्रेणीत वर असलेला धातू खालच्या धातूला त्याच्या क्षाराच्या द्रावणातून बाहेर काढतो, खालचा वरच्याला काढू शकत नाही. कारणाच्या रकान्यात मात्र जवळपास प्रत्येक वहीत एकच वाक्य असतं: ‘जस्त तांब्यापेक्षा जास्त अभिक्रियाशील आहे म्हणून.’ हे वाक्य चूक नाही, पण ते कारणही नाही. जस्त तांब्याला विस्थापित करतं, म्हणूनच तर आपण त्याला जास्त अभिक्रियाशील म्हणतो. तीच गोष्ट उलटीकडून पुन्हा सांगितली, इतकंच. खरं कारण काय, ते समजलं की ज्या चौकटींमध्ये नियम फसल्यासारखा वाटतो त्याही आपोआप उलगडतात.

आधी श्रेणी डोळ्यासमोर ठेवू. वरून खाली: पोटॅशिअम, सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम, जस्त, लोखंड, कथिल, शिसं, मग हायड्रोजन, आणि त्याखाली तांबं, चांदी, सोनं. हायड्रोजन धातू नाही, पण आम्लातून हायड्रोजन वायू कोण काढू शकतो हे कळावं म्हणून त्याला मध्ये जागा दिलेली असते.

आता सगळ्यात ओळखीचा प्रयोग घेऊ, लोखंडी खिळा आणि मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं द्रावण. १ ग्रॅम मोरचूद २० मिलिलिटर पाण्यात विरघळवलं की स्वच्छ निळं द्रावण मिळतं. त्यात पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेला खिळा सोडायचा. काही मिनिटांतच बुडालेल्या भागावर विटकरी-तांबूस थर दिसू लागतो. अर्ध्या तासात निळा रंग थोडा फिका होतो, आणि खिळे दोन-तीन असतील तर दुसऱ्या दिवशी द्रावण हलकं हिरवट झालेलं दिसतं.

Fe + CuSO₄ → FeSO₄ + Cu

या समीकरणात सल्फेटकडे बघू नका. ते आधीही पाण्यात मोकळं फिरत होतं, नंतरही तसंच फिरतं. प्रत्यक्ष घडतं ते एवढंच: खिळ्याच्या पृष्ठभागावरच्या लोखंडाच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवले आणि तो Fe²⁺ आयन होऊन पाण्यात उतरला. ते दोन इलेक्ट्रॉन पाण्यातल्या Cu²⁺ आयनाने घेतले आणि तो तांब्याचा अणू होऊन खिळ्यावरच बसला. म्हणजे लोखंडाचं ऑक्सिडीकरण झालं आणि तांब्याच्या आयनाचं क्षपण. निळा रंग या Cu²⁺ मुळे होता, ते कमी झाले तसा तोही फिका पडला.

इथे वर्कशीटमध्ये सहसा न येणारा, पण यायला हवा असा प्रश्न विचारता येतो: सगळं तांबं खिळ्यालाच चिकटून राहिलं असं धरलं, तर खिळ्याचं वजन वाढेल की घटेल? प्रत्येक ५६ ग्रॅम लोखंड पाण्यात उतरलं की ६३.५ ग्रॅम तांबं येऊन बसतं, म्हणजे वजन वाढेल. आपल्या १ ग्रॅम मोरचुदात साधारण ०.२५ ग्रॅम तांबं असतं. ते सगळं बाहेर यायला ०.२२ ग्रॅम लोखंड जाईल आणि खिळा ०.०३ ग्रॅमने जड होईल. हाच प्रयोग जस्ताच्या पट्टीने केला तर उत्तर उलटं येतं, कारण जस्ताचे ६५.४ ग्रॅम जातात आणि तांब्याचे ६३.५ च येतात. पट्टी किंचित हलकी होते. प्रयोगशाळेत मात्र हा हिशोब जुळणं अवघड असतं, कारण तांब्याचा थर भुसभुशीत असतो आणि खिळा उचलताना त्याचे कण तळाशी पडतात.

खिळा कोणता घेतला हेही बघावं लागतं. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच खिळ्यांवर जस्ताचा मुलामा असतो. असा खिळा टाकला की पहिली अभिक्रिया जस्ताची होते, आणि थर तांबूस न दिसता काळपट दिसतो. जस्ताची अभिक्रिया इतकी वेगाने होते की तांबं अतिशय बारीक कणांच्या रूपात जमतं, आणि इतके बारीक कण काळे किंवा गडद तपकिरी दिसतात. ‘तांबं तर लाल असतं, मग हे काळं काय आलं?’ हा प्रश्न प्रयोगाच्या तासाला हमखास येतो. उत्तर एवढंच की तेही तांबंच आहे.

आता चौकटींकडे वळू. मॅग्नेशिअम, जस्त, लोखंड आणि तांबं हे चार धातू आणि त्यांच्याच सल्फेटची चार द्रावणं घेतली तर १६ चौकटी होतात. धातू आणि त्याचाच क्षार अशा ४ चौकटी सोडून द्यायच्या, तिथे काही बदल दिसणार नाही. उरलेल्या १२ पैकी बरोबर ६ ठिकाणी अभिक्रिया होते. मॅग्नेशिअम तिघांनाही बाहेर काढतं, जस्त लोखंडाला आणि तांब्याला, लोखंड फक्त तांब्याला, आणि तांबं कोणालाच नाही. ३, २, १, ०. श्रेणी पाठ नसली तरी या आकड्यांवरून ती मांडता येते, आणि मुळात श्रेणी अशाच निरीक्षणांतून उभी राहते. मुलांना आधी यादी देऊन मग चौकटी भरायला लावण्यापेक्षा आधी परीक्षानळ्या देऊन यादी त्यांनाच काढायला लावावी, असं माझं ठाम मत आहे.

एक खूण मात्र सांगून ठेवायला हवी. जस्त फेरस सल्फेटच्या द्रावणात टाकलं तर दिसणारा बदल फारच सौम्य असतो: हिरवट छटा थोडी फिकी होते आणि जस्तावर करडा-काळा थर येतो. शिवाय फेरस सल्फेटचं द्रावण उघडं राहिलं तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे आपोआप पिवळट-तपकिरी होतं. विद्यार्थी तो रंग बघून ‘अभिक्रिया झाली’ असं लिहितात. म्हणून प्रत्येक द्रावणाची एक नळी धातू न टाकता शेजारी ठेवायची आणि तुलना तिच्याशी करायची.

रंगापेक्षा भरवशाची खूण तापमानाची आहे. वर सांगितलेलं २० मिलिलिटर मोरचुदाचं द्रावण थर्माकोलच्या कपात घ्या, त्यात अर्धा ग्रॅम जस्ताची पूड टाकून ढवळा. हिशोबाने तापमान साधारण १० अंशांनी चढायला हवं. थोडी उष्णता कपाला आणि हवेला जाते म्हणून प्रत्यक्षात जरा कमी भरतं. लोखंडाचा बारीक कीस घेतला तर हिशोब ७ अंशांच्या आसपास येतो. श्रेणीत दोन धातूंमधलं अंतर जितकं जास्त तितकी उष्णता जास्त, हे थर्मामीटरवर असं दिसतं. कपात तांबं वेगळं होताना ऊर्जा बाहेर पडतेय, आणि कारणाचा धागा इथूनच हाती लागतो.

आता ते कारण. पुस्तकी उत्तर असतं की जस्त इलेक्ट्रॉन सहज देतं, तांबं सहज देत नाही. हे पडताळायला आकडे बघू. एकट्या सुट्या अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला एका मोलमागे जस्ताला ९०६ किलोज्यूल लागतात आणि तांब्याला ७४५. म्हणजे इथे तांबंच सोपं! फक्त या आकड्यावर विसंबून अंदाज बांधला तर उत्तर उलटं येईल. दोन्ही इलेक्ट्रॉन काढायचे म्हटले तर जस्ताला एकूण २६३९ आणि तांब्याला २७०३ लागतात. फरक जस्ताच्या बाजूने आला खरा, पण फक्त ६४ चा. एवढ्याशा फरकावर जस्त आणि तांब्यातली एवढी मोठी तफावत उभी राहत नाही.

आपण विसरतो ते हे की पट्टीतला अणू सुटा नसतोच. तो शेजारच्या अणूंशी धातूच्या बंधांनी घट्ट बांधलेला असतो, आणि आयन होऊन पाण्यात जाण्याआधी त्याला तिथून सोडवावं लागतं. हा खर्च जस्ताला १३१ किलोज्यूल पडतो आणि तांब्याला ३३८. मोठी तफावत आहे ती इथे. जस्ताच्या अणूंची एकमेकांवरची पकड सैल असते, म्हणूनच जस्त ४२० अंशांना वितळतं आणि तांब्याला १०८५ अंश लागतात.

दोन्ही खर्च मिळवले तर जस्ताचे २७७० आणि तांब्याचे ३०४१, फरक २७१. तिसरी पायरी जमेची. आयन पाण्यात उतरला की पाण्याचे रेणू त्याला वेढतात आणि ऊर्जा परत मिळते. ही जमा तांब्याच्या आयनाला जस्तापेक्षा साधारण ५० किलोज्यूल जास्त मिळते. २७१ मधून ते वजा केले की २२० च्या आसपास उरतात. जस्त आणि कॉपर सल्फेटच्या अभिक्रियेत एका मोलमागे बाहेर पडणारी उष्णता मोजली की तीही तेवढीच भरते. आपल्या कपातले ते १० अंश याच आकड्यातून आलेले आहेत.

म्हणून कारणाच्या रकान्यात मी विद्यार्थ्यांना असं लिहायला सांगते: ‘धातूचा अणू पट्टीतून सुटून, इलेक्ट्रॉन देऊन, पाण्यात आयन म्हणून स्थिर होण्याचा एकूण खर्च जस्ताला तांब्यापेक्षा कमी पडतो. म्हणून जस्त आयन होतं आणि तांब्याचे आयन इलेक्ट्रॉन घेऊन धातू होतात.’ परीक्षेत पहिलं वाक्य कोणी मागत नाही, दुसऱ्यावर गुण मिळतात. पण पहिल्या वाक्यात तीन अटी दडलेल्या आहेत: धातूचा उघडा पृष्ठभाग, पाणी, आणि पाण्यात मोकळे आयन. यातली एक जरी मोडली, तरी नियम फसल्यासारखा दिसतो.

पहिली अट ॲल्युमिनिअम मोडतं. श्रेणीत ते जस्ताच्याही वर, तेव्हा मोरचुदाच्या द्रावणात धडाक्याने अभिक्रिया व्हायला हवी. पण स्वयंपाकघरातल्या फॉइलचा तुकडा टाकून बघा, बराच वेळ काहीच होत नाही. कारण ॲल्युमिनिअमवर हवेतल्या ऑक्सिजनने बनलेला ॲल्युमिनिअम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा चिवट थर असतो, आणि द्रावणाला खरा धातू भेटतच नाही. आता त्याच नळीत चिमूटभर मीठ टाका. मिठातले क्लोराइड आयन तो थर जागोजागी फोडतात. थोड्याच वेळात फॉइलवर तपकिरी पुंजके दिसू लागतात, बुडबुडे येतात, नळी हाताला गरम लागते आणि फॉइलची चाळण होते.

2Al + 3CuSO₄ → Al₂(SO₄)₃ + 3Cu

वर्कशीटमध्ये उत्तर ‘अभिक्रिया होईल’ हेच बरोबर धरतात, आणि ते योग्यच आहे. श्रेणी अभिक्रियेची दिशा सांगते, वेग सांगत नाही. स्टेनलेस स्टीलचा चमचा मोरचुदात सहसा तसाच राहतो, त्यालाही असाच एक थर वाचवतो, फक्त तो क्रोमिअमच्या ऑक्साइडचा असतो.

दुसरी अट सोडिअम मोडतं. ‘सोडिअम कॉपर सल्फेटमधून तांबं विस्थापित करेल का?’ या प्रश्नावर यादी बघून सगळे ‘हो’ लिहितात. पण सोडिअमचा तुकडा द्रावणात पडताच त्याला आधी पाणीच भेटतं, आणि पाण्याशी त्याची अभिक्रिया भयंकर वेगाने होते. हायड्रोजन निघतो, तो पेटू शकतो, आणि मागे सोडिअम हायड्रॉक्साइड उरतं. त्याची मोरचुदाशी गाठ पडली की कॉपर हायड्रॉक्साइडचा फिकट निळा अवक्षेप तयार होतो. तांबूस धातू अपेक्षित असताना निळसर गाळ मिळतो. पोटॅशिअम आणि कॅल्शिअमचंही असंच. हा प्रयोग शाळेत करून बघू नये, कागदावरच सोडवावा. मॅग्नेशिअमला या गोष्टीचा थोडा स्पर्श होतो: मोरचुदात ते तांबं काढतं, पण सोबत हायड्रोजनचे बुडबुडेही दिसतात, कारण मोरचुदाचं द्रावण किंचित आम्लधर्मी असतं.

तिसऱ्या अटीचं सगळ्यात छान उदाहरण वर्गात नाही, द्राक्षबागेत सापडतं. बुरशीसाठी फवारायचं बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. एक टक्क्याचं मिश्रण करायचं तर १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. दोन्ही वेगवेगळं कालवायचं आणि मग एकत्र करायचं, तेही प्लास्टिकच्या टाकीत. लोखंडी बादलीत नाही, कारण बादलीचं लोखंडच मोरचुदातलं तांबं बाहेर काढेल. मिश्रण तयार झालं की जुनेजाणते शेतकरी त्यात घासून स्वच्छ केलेला चाकू किंवा विळा मिनिटभर बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी टाकायचा. पातं जसंच्या तसं राहिलं तर फवारायला हरकत नाही. कोकणात सुपारीच्या बागांसाठीही हीच कसोटी सांगतात.

हे नेमकं आपल्या वर्कशीटचंच एक चौकट आहे, लोखंड आणि तांब्याचा क्षार. चुना पुरेसा असेल तर तांब्याचे आयन अविद्राव्य हायड्रॉक्साइडच्या रूपात बांधले जातात. टाकीत तांबं तेवढंच असतं, पण पाण्यात मोकळा Cu²⁺ जवळजवळ उरत नाही, म्हणून लोखंडाला कोणी इलेक्ट्रॉन मागत नाही. चुना कमी पडला तर मोकळे आयन शिल्लक राहतात. तेच कोवळी पानं करपवतात आणि तेच पात्यावर चढतात. विळा इथे अगदी खरीखुरी रासायनिक चाचणी करत असतो.

समीकरणं लिहिताना होणाऱ्या चुकांबद्दल थोडं. चांदी एकच इलेक्ट्रॉन घेते, त्यामुळे तांब्याच्या एका अणूला चांदीचे दोन आयन लागतात: Cu + 2AgNO₃ → Cu(NO₃)₂ + 2Ag. तांब्याच्या तारेवर चांदीच्या चमकदार सुया उगवतात आणि रंगहीन द्रावण निळं होत जातं. या प्रयोगाला नळाचं पाणी वापरलं तर त्यातल्या क्लोराइडमुळे द्रावण दुधाळ होतं, म्हणून ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावं. शिशाच्या चौकटी असतील तर सल्फेटऐवजी नायट्रेट घ्यायचं, कारण लेड सल्फेट पाण्यात विरघळत नाही.

दुसरी चूक लोखंडाची. खिळ्याच्या प्रयोगात काही जण Fe₂(SO₄)₃ लिहितात. विस्थापनात लोखंड Fe²⁺ होऊन थांबतं, म्हणून FeSO₄ च हवं. Fe²⁺ मधून आणखी एक इलेक्ट्रॉन काढण्याइतकी ओढ तांब्याच्या आयनात नसते. उलट Fe³⁺ मात्र तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेऊ शकतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घरी सर्किट बोर्ड बनवणारी मुलं फेरिक क्लोराइड घेतात ते यासाठीच. ते बोर्डावरचं नको असलेलं तांबं विरघळवतं.

2FeCl₃ + Cu → 2FeCl₂ + CuCl₂

हे बघून एखादा हुशार विद्यार्थी विचारतो की मग तांब्याने लोखंडाला हरवलं का? नाही. उजव्या बाजूला लोखंड धातूरूपात कुठेच नाही, ते आयनच राहिलं, फक्त Fe³⁺ चं Fe²⁺ झालं. आपली श्रेणी धातू आणि त्याच्या आयनाच्या जोडीबद्दल बोलते. इथे जोडी दोन आयनांची आहे आणि तिची जागा वेगळी, तांब्याच्याही खाली.

शेवटी ‘अज्ञात धातू’चा प्रश्न, जो प्रत्येक वर्कशीटमध्ये असतोच. X हा धातू कॉपर सल्फेटमधून तांबं काढतो, फेरस सल्फेटमध्ये मात्र काहीच होत नाही. X कुठे बसेल? लोखंडाच्या खाली आणि तांब्याच्या वर. म्हणजे आपल्या यादीतलं कथिल किंवा शिसं, किंवा यादीत नसलेलं निकेल. आता नेमकं कोणतं हे ठरवण्यासाठी X लेड नायट्रेटमध्ये टाकू असं सुचतं, पण X जर कथिल असेल तर इथे एक अडचण आहे. जस्त आणि तांब्यात अंतर इतकं मोठं आहे की समतोलाला द्रावणात जस्ताचे आयन तांब्याच्या आयनांच्या कित्येक पट असतात, १ वर ३७ शून्यं इतके. म्हणजे अभिक्रिया व्यवहारात पूर्ण होते. कथिल आणि शिसं मात्र श्रेणीत एकमेकांना खेटून आहेत. त्यांच्या बाबतीत हे गुणोत्तर जेमतेम दोन-अडीच येतं. कथिल थोडं शिसं बाहेर काढतं आणि अभिक्रिया अर्ध्या वाटेवर थांबते. द्रावणात आधीच कथिलाचे आयन भरपूर असतील तर ती उलट्या दिशेनेही जाते. या जोडीसाठी ‘होईल’ किंवा ‘होणार नाही’ असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. सोबत दोन्ही आयनांची संहती द्यावी लागते.